जुना वेबकॅम कायम धूसर, नवा रात्री सारखा फोकस शोधतो: तिसरा घ्यायच्या आधी काय तपासायचं

प्रश्न: मी संध्याकाळी सात ते नऊ घरून ऑनलाइन शिकवण्या घेतो. जुना यूएसबी वेबकॅम कायम धूसर दिसतो आणि त्याची पुढची रिंग इतकी घट्ट आहे की फिरतच नाही. म्हणून ऑटोफोकसवाला नवीन घेतला. तो दिवसा बरा चालतो, पण शिकवणीच्या वेळी चित्र सारखं आत-बाहेर होतं, मुलं म्हणतात, "सर, हलतंय." ट्यूबलाइट माझ्या मागच्या भिंतीवर आहे, डोक्यावर पंखा. दोन्ही लेन्स रुमालाने पुसल्या, फरक नाही. आता आणखी चांगला कॅमेरा घ्यावा का?

उत्तर:

तिसरा कॅमेरा घेऊ नका, सर. तुमच्या दोन कॅमेऱ्यांचं दुखणं एक नाही. जुन्याची लेन्स चुकीच्या जागी अडकली आहे आणि ती हाताने जागेवर आणता येते. नव्याची लेन्स बहुधा ठणठणीत आहे, तिला अंधारात काम करायला लावलं जातंय. महागडा कॅमेरा आणून त्याच ट्यूबलाइटसमोर ठेवलात तर तोही हेच करेल. आणि रुमाल आजपासून बंद. खिशातल्या रुमालाला हाताचं तेल आणि बारीक धूळ लागलेली असते. त्याने लेन्स पुसली की डाग जात नाही, नुसता सगळीकडे पसरतो, आणि धुळीचा कण कडक असला तर ओरखडाही देतो.

कशालाही हात लावायच्या आधी एक तपासणी करा, आणि ती दिवसा करा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीकडे तोंड करून बसा. कॅमेरा दोन्हीपैकी कुठलाही असो, मीटिंगच्या ॲपमध्ये बघू नका. कॉम्प्युटरवरचं साधं कॅमेरा ॲप उघडा. मीटिंगचं ॲप नेट मंद झालं की चित्राची प्रत आपोआप खाली आणतं आणि मग चेहऱ्यावर चौकोनी ठिपके येतात; त्याला लेन्स जबाबदार नसते. कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ७२० किंवा १०८० वर आहे ना, तेही बघून घ्या. ६४० बाय ४८० वर ठेवलेलं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की कुठलाही कॅमेरा धूसरच वाटतो.

आता वर्तमानपत्राचं एक पान घ्या. आधी कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा, मग तुम्ही जिथे बसता तिथे, म्हणजे साधारण ६० सेंटीमीटरवर, आणि शेवटी मागच्या भिंतीला चिकटवा. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद स्थिर धरून मथळ्याच्या अक्षरांच्या कडा बघा. भिंतीवरचं पान धारदार आणि जवळचं धूसर, किंवा उलट, असं झालं तर लेन्स काम करतेय, फक्त फोकस चुकीच्या अंतरावर आहे. एकाही अंतरावर कडा धारदार येत नसतील तर काचेवर काहीतरी आहे किंवा लेन्स जागेवरून खूपच सरकली आहे. तिन्ही ठिकाणी दिवसा नीट दिसतं आणि रात्रीच बिघडतं, तर प्रश्न प्रकाशाचा. या तीन निकालांपैकी कुठला आला ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण संध्याकाळी साडेसातला हे तिन्ही बिघाड अगदी सारखेच दिसतात.

डागाचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. काचेवर तेलकट थर असला की चित्राच्या कडा खरं तर जागेवर असतात, पण सगळ्यावर पांढुरकी साय येते. काळे केस करडे दिसतात. चित्रात दिवा असेल तर त्याच्याभोवती वलय येतं किंवा एका दिशेला शेपूट निघतं. ज्या दिशेने बोट किंवा रुमाल फिरला असेल त्याला आडवं ते शेपूट असतं. फोकस चुकल्यावर हे होत नाही. तिथे दिव्याचा एक गोल, बऱ्यापैकी स्वच्छ कडेचा ठिपका होतो. खात्री करायची तर मोबाइलची टॉर्च लेन्सवर तिरकी मारा, समोरून नको. बोटाचा ठसा लगेच चमकतो. घरात फोडणीची वाफ आणि उदबत्तीचा धूर असतो, त्यामुळे कोणी हात न लावताही वर्षभरात हा थर चढतो. नव्या कॅमेऱ्यात मात्र आधी हे बघा की लेन्सवरची पारदर्शक संरक्षक फिल्म काढली आहे ना. ती इतकी नीट बसलेली असते की महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. नखाने कडेला हलकेच चाचपून बघा.

पुसायची पद्धत अशी. रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवा. तो नसेल तर स्वच्छ, मऊ, कोरड्या ब्रशने झटका. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार जातात. मग चष्म्याच्या दुकानात मिळणारं मायक्रोफायबरचं फडकं, तेही धुतलेलं, बोटाच्या टोकावर ताणून मधून बाहेर गोल फिरवा. तेल सुटत नसेल तर फडक्याच्या कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंवा लेन्स क्लीनरचा एक थेंब घ्या. थेंब फडक्यावर घ्यायचा, लेन्सवर कधीच नाही. लेन्सच्या कडेने तो आत उतरला तर आतल्या काचेवर डाग पडतो आणि तो बाहेरून निघत नाही. वेबकॅमची पुढची लेन्स बऱ्याचदा प्लास्टिकची असते, म्हणून थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि खिडकीच्या काचा पुसायचे स्प्रे लांब ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आतून धुकं धरलं असेल तर पुसून उपयोग नाही. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. एवढ्याने धुकं जातं. बुरशीची जाळी असेल तर ती राहते, आणि स्वस्त वेबकॅमसाठी ती काढत बसण्यात अर्थ नाही.

आता जुना कॅमेरा. माझं रोजचं काम सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं. बऱ्याच यूएसबी वेबकॅममध्ये लेन्स बसवायची पद्धत आमच्या छोट्या बोर्ड कॅमेऱ्यांसारखीच असते: लेन्सच्या नळीवर बाहेरून बारीक आटे आणि समोरच्या प्लास्टिकच्या कॉलरला आतून आटे. रिंग फिरवली की लेन्स सेन्सरच्या जवळ किंवा लांब जाते. यात मोटर नाही, तारा नाहीत, म्हणून बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. फिरत नाही याची कारणंही मोजकीच.

सगळ्यात आधी ती खरंच फोकसची रिंग आहे का, ते ठरवा. खऱ्या रिंगच्या कडेला पकडीसाठी दाते असतात, आणि रिंग व कॉलर यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसते. नुसती चकचकीत, गुळगुळीत, अंगाला सलग चिकटलेली रिंग असेल तर ती शोभेची. ती जोर लावून फिरवलीत तर पुढचं आवरण तुटून हातात येईल. तुमच्या नव्या ऑटोफोकस कॅमेऱ्याला पुढे रिंगसारखं काही असलं तरी ते याच प्रकारचं धरा आणि त्याला हात लावू नका.

रिंग खरी असेल तर फटीत टॉर्च मारून बघा. कारखान्यात फोकस लावून झाला की लेन्स हलू नये म्हणून आट्यांवर गोंदाचा एक ठिपका टाकतात, बहुतेक वेळा पांढरा, पारदर्शक किंवा लालसर. तो दिसला तर जोर लावणं बंद. लाकडी टूथपिकने तो ठिपका कडेने खरवडा. सुई वापरायची तर कॅमेरा उलटा, लेन्स खाली करून, म्हणजे कचरा आत न जाता बाहेर पडेल. ठिपका दिसत नसेल तर जुनं ग्रीस वाळलं आहे किंवा आट्यांत धूळ बसली आहे.

दोन्ही बाबतीत पुढची पायरी एकच: ऊब. हेअर ड्रायर मंद गरमवर ठेवून वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट कॉलरवर हवा सोडा. बोट लावल्यावर कोमट लागलं पाहिजे, चटका बसला तर जास्त झालं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी किंवा जाड रबरबँड रिंगभोवती गुंडाळून पकड घ्या. दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याचं अंग नव्हे तर कॉलर धरा, नाहीतर सगळा पीळ आतल्या बोर्डाच्या बारीक स्क्रूंवर येतो. आधी घड्याळाच्या उलट दिशेने, किंचित. सुटली नाही तर किंचित सुलट, पुन्हा किंचित उलट. असं डोलवत राहिलं की वाळलेलं ग्रीस मोडतं. एका दमात जोर लावला तर प्लास्टिकचे आटे खाल्ले जातात, आणि आटे गेले की लेन्स तिरकी बसते. मग चित्राची एक बाजू धारदार आणि दुसरी धूसर, हे कायमचं. पक्कड तर नकोच.

तेल घालायचा मोह होईल. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, काहीही नको. तेल आट्यांत थांबत नाही. सरकत सरकत लेन्सच्या मागच्या काचेवर आणि सेन्सरवरच्या फिल्टरवर जातं आणि मग सगळं चित्र पाण्याखाली गेल्यासारखं होतं. दुरुस्तीला येणाऱ्या घट्ट रिंगवाल्या कॅमेऱ्यांत घट्टपणापेक्षा या तेलाचंच काम जास्त निघतं.

रिंग सुटली की बहुतेक लोक घाईत ती अर्धा फेरा फिरवतात, काहीच धारदार दिसत नाही आणि "लेन्सच गेली" म्हणून कॅमेरा कचऱ्यात टाकतात. इथे थोडा हिशोब कामाला येतो. या लेन्सचे एक सर्रास आढळणारे आटे १२ मिलिमीटर व्यासाचे आणि अर्धा मिलिमीटर पिचचे असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा दिला की लेन्स फक्त अर्धा मिलिमीटर सरकते. लेन्सची फोकल लांबी ४ मिलिमीटर धरली तर खूप लांबच्या वस्तूवरून फोकस ६० सेंटीमीटरवर आणायला लेन्स साधारण ०.०२७ मिलिमीटर पुढे यावी लागते. फेऱ्याच्या भाषेत हे एकोणिसावा भाग, म्हणजे मिनिटकाट्याची तीन मिनिटं. ३० सेंटीमीटरवर आणायचा तर सहा-साडेसहा मिनिटं. तुमचं अख्खं काम या एवढ्या कोनात आहे. अर्धा फेरा म्हणजे तीस मिनिटं. त्यात नेमकी जागा कधी आली आणि कधी गेली हे डोळ्याला कळतच नाही.

म्हणून असं करा. रिंगवर आणि कॉलरवर समोरासमोर पेन्सिलची एकेक बारीक रेघ ओढा, म्हणजे सुरुवात कुठून झाली ते राहील. ओळखीच्या कोणाला तुमच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसवा, किंवा पान खुर्चीच्या पाठीला चिकटवा. पडद्यावर चित्र शक्य तितकं मोठं करा. रिंग एका वेळी अर्ध्या मिनिटाएवढी सरकवा आणि हात काढून बघा, कारण बोटाच्या दाबानेही फोकस बदलतो. अक्षरं धारदार होत जातील, मग पुन्हा सुटायला लागतील. सुटायला लागली की परत फिरा. उलट दिशेने फिरवल्याने लेन्स बाहेर येते आणि फोकस तुमच्याकडे, जवळ येतो. सुलट फिरवल्याने लांब जातो. लेन्स पूर्ण काढू नका. ती निघाली की खोलीतली धूळ थेट सेन्सरवर बसते आणि मग चित्रात कायम काळे ठिपके दिसतात.

एवढं करून रिंग आता सैल वाटली, हात लावला की फोकस जातोय, तर बाहेरून, रिंग आणि कॉलरच्या फटीवर, नेलपॉलिशचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका द्या. पुढे बदलायचं झालं तर तो टूथपिकने निघतो. फेविक्विक अजिबात नको. त्याची वाफ वाळताना आजूबाजूच्या काचेवर पांढरी बुरी धरते, आणि ती लेन्सच्या आतल्या बाजूला धरली तर कॅमेरा गेलाच.

जुना इथे संपला. हा कॅमेरा पुढची काही वर्षं एका जागी बसून शिकवायला उत्तम आहे, आणि खरं सांगायचं तर रात्रीच्या शिकवणीला मी तुमच्या नव्यापेक्षा यालाच निवडेन. फिक्स फोकसला शोधायचं काही नसतं, म्हणून तो हलतही नाही.

नव्याकडे येऊ. तो आत-बाहेर का करतो हे समजायला तो फोकस कसा लावतो हे बघावं लागेल. वेबकॅमला अंतर मोजता येत नाही. तो लेन्स थोडी सरकवतो, चित्रातल्या कडा किती ठसठशीत आहेत ते बघतो, पुन्हा सरकवतो, पुन्हा बघतो. ठसठशीतपणा वाढत असेल तर त्याच दिशेने, कमी झाला तर मागे. सर्वात वरचा बिंदू सापडला की थांबतो, आणि चित्रात मोठा बदल झाल्यासारखं वाटलं की हा शोध पुन्हा सुरू करतो. दिवसा हे एका सेकंदाच्या आत उरकतं.

रात्री तुमच्या खोलीत त्याची फसगत तीन ठिकाणी होते. ट्यूब तुमच्या मागे आहे, म्हणजे चेहऱ्यावर तिचा प्रकाश जवळजवळ नाहीच. चेहरा सावलीत आणि भिंत उजळ. कमी उजेडात कॅमेरा सिग्नल वाढवतो, त्याबरोबर दाणेही वाढतात. हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे असतात, त्यामुळे ठसठशीतपणाचा आकडा लेन्स न हलताही वरखाली होतो. कॅमेऱ्याला वाटतं फोकस सुटला. शिवाय दाणे झाकायला तो चित्र आपणहून गुळगुळीत करतो, म्हणून फोकस बरोबर असतानाही चेहरा मेणाचा वाटतो. दुसरं, पंखा. पात्यांची सावली किंवा ट्यूबसमोरून पात्यांचं जाणं यामुळे उजेड सतत थोडा थोडा बदलतो, आणि प्रत्येक बदल म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी नवीन दृश्य. तिसरं, विजेची थरथर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी चोकवाली ट्यूब आणि साधे एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेरा ६० हर्ट्झच्या देशासाठीच्या सेटिंगवर राहिला असेल तर चित्रावर आडवे पट्टे सरकत राहतात, आणि तेही फोकसच्या हिशोबात गोंधळ घालतात.

यातलं नेमकं कोणतं, हे पाच मिनिटांत कळतं. संध्याकाळी कॅमेरा सुरू करा आणि आधी फक्त पंखा बंद करा. हलणं थांबलं किंवा निम्म्यावर आलं तर सावली. फरक पडला नाही तर पंखा तसाच बंद ठेवून टेबललॅम्प चेहऱ्यावर मारा. इथे थांबलं तर उजेड कमी होता. लॅम्पने चेहरा उजळला पण पट्टे सरकतायत, तर ५० हर्ट्झचं सेटिंग. आणखी एक खूण: स्थिर वस्तू धारदार आहेत आणि हात हलवला की तेवढाच हात पुसला जातो, तर फोकस बरोबर आहे. उजेड कमी म्हणून कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतोय, सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेम देतोय, आणि तेवढ्या वेळात हात सरकतो. मुलांचं "हलतंय" काही वेळा हेच असतं, फोकस नव्हे. एकदा विचारून घ्या की फळा आणि भिंतही हलतात का, की फक्त सर.

उपाय टेबल फिरवण्यापासून सुरू होतो. ट्यूब पाठीमागे न ठेवता समोर येईल असं बसा. टेबल हलत नसेल तर ट्यूब बंद करून समोरून दिवा द्या. मागचा उजेड तसाच ठेवून पुढे दिवा लावला तर दोघांची मारामारी होते आणि कॅमेरा भिंतीच्या बाजूने निकाल देतो. समोरच्या दिव्यासाठी ९ ते १२ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब शेड असलेल्या टेबललॅम्पमध्ये पुरतो. तो मॉनिटरच्या मागे एका बाजूला, डोळ्यांच्या किंचित वर, चेहऱ्यापासून मीटरभरावर ठेवा. अंतर महत्त्वाचं आहे: तोच दिवा दोन मीटरवरून एक मीटरवर आणला की चेहऱ्यावरचा उजेड चौपट होतो, म्हणून जास्त वॅटचा बल्ब आणण्याआधी लॅम्प जवळ ओढा. डोळ्यांवर येत असेल तर मॉनिटरमागच्या पांढऱ्या भिंतीवर मारा, उसळून येणारा उजेड मऊ पडतो, मात्र बराच कमी होतो. भिंत रंगीत असेल तर चेहराही त्या रंगाचा दिसतो. चष्मा असेल तर काचेत दिवा चमकेल, आणि त्या चमकेच्या कडेवर ऑटोफोकस हमखास अडकतो. दिवा आणखी थोडा वर आणि बाजूला न्या, चमक काचेच्या बाहेर जाईपर्यंत. बल्ब थरथरतो का, ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पट्टे दिसले तर दुसऱ्या बनावटीचा बल्ब घ्या. पंखा बंद ठेवून दोन तास शिकवा असं मी सांगणार नाही, मे महिन्यात तर नाहीच. दिवा पात्यांच्या खाली आणि समोर आला की सावलीचा प्रश्न तसाही उरत नाही.

यानंतरही मी ऑटोफोकस बंदच करेन. तुम्ही दोन तास एकाच खुर्चीत बसता. त्याला शोधण्यासारखं काही नाही. विंडोजवर ओबीएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या, त्यात Video Capture Device हा सोर्स जोडा आणि त्याच्या प्रॉपर्टीमध्ये Configure Video हे बटण दाबा. उघडलेल्या खिडकीत Camera Control टॅबवर Focus समोरची Auto ची खूण काढा आणि वर्तमानपत्र खुर्चीच्या जागी धरून सरकपट्टी हलवा. तिथेच Low Light Compensation दिसलं तर तेही काढा, म्हणजे फ्रेम १५ वर उतरणार नाहीत. मात्र हे दिवा लावल्यावरच, नाहीतर चित्र काळवंडेल. Video Proc Amp टॅबवर PowerLine Frequency ५० हर्ट्झ करा. मग ओबीएस बंद करून मीटिंग सुरू करा, कारण दोन ॲपना एकाच वेळी कॅमेरा बहुधा मिळत नाही. लिनक्सवर हेच टर्मिनलमधून होतं:

```
v4l2-ctl -d /dev/video0 --list-ctrls
v4l2-ctl -d /dev/video0 -c focus_automatic_continuous=0
v4l2-ctl -d /dev/video0 -c focus_absolute=30
v4l2-ctl -d /dev/video0 -c power_line_frequency=1
```

पहिली ओळ तुमच्या कॅमेऱ्याला कोणकोणती सेटिंग आहेत आणि आकडे कुठून कुठपर्यंत जातात ते दाखवते. जुन्या प्रणालीवर दुसऱ्या ओळीतल्या नावाऐवजी `focus_auto` असतं. ३० हा आकडा फक्त सुरुवातीला. बहुतेक कॅमेऱ्यांत ० म्हणजे सर्वात लांब आणि आकडा वाढेल तसा फोकस जवळ येतो. शेवटच्या ओळीतला १ म्हणजे ५० हर्ट्झ.

६० सेंटीमीटरवर कुलूप लावलं की किती भाग धारदार राहील? पावणेचार मिलिमीटरच्या आसपासची लेन्स आणि दोनचं ॲपर्चर धरून हिशोब केला तर साधारण ४७ ते ८० सेंटीमीटर. खुर्चीत पुढे-मागे रेललात तरी चेहरा या पट्ट्यात राहतो. मागचा फळा मात्र किंचित मऊ पडेल. फळ्यावर बारीक लिहीत असाल तर फोकस तुमच्या आणि फळ्याच्या मध्ये, मीटरभरावर लावा. चेहरा थोडा सुटेल, पण मुलांना वाचायचा असतो फळा. वही कॅमेऱ्याच्या तोंडाशी नेऊन दाखवायची सवय सोडावी लागेल. वीतभर अंतरावर ती धूसरच दिसेल, हाताच्या अंतरावर धरा. रोज वही दाखवायची असेल तर जुना कॅमेरा त्या कामाला लावा: स्टँडवर खाली तोंड करून, वहीपासून ३० सेंटीमीटरवर, वर सांगितल्याप्रमाणे एकदाच फोकस लावून. मीटिंगमध्ये कॅमेरा बदलायचं बटण दाबलं की झालं.

ही सेटिंग कॅमेऱ्याची वायर काढली किंवा कॉम्प्युटर बंद केला की बहुतेक वेळा पुसली जातात, आणि काही मीटिंग ॲप स्वतःहून ऑटोफोकस पुन्हा चालू करतात. त्यामुळे शिकवणीआधी पाच मिनिटं काढून एकदा बघून घ्या. लिनक्सवाल्यांनी त्या ओळी एका छोट्या फाइलीत ठेवाव्यात.

नवा कॅमेरा खरंच सदोष आहे असं कधी म्हणायचं? दिवसा, खिडकीसमोर, ऑटो काढून सरकपट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि चित्रात काहीच बदललं नाही, तर आतली लेन्स हलवणारी मोटर अडकली आहे. पट्टीने चित्र बदलतं पण एकाही जागी वर्तमानपत्र धारदार येत नाही, आणि काच स्वच्छ आहे, फिल्म काढलेली आहे, तर लेन्स जुळवण्यात चूक आहे. दोन्ही बाबतीत कॅमेरा उघडू नका, वॉरंटीत द्या. पट्टी फिरवतानाचा मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बरोबर ठेवा, दुकानदाराशी वाद कमी होतो. कॅमेरा हलवल्यावर आत हलकं टकटक वाजतं म्हणून मात्र परत नेऊ नका. काही ऑटोफोकस कॅमेऱ्यांत वीज नसताना लेन्स मोकळी असते आणि तेवढा आवाज येतोच.